मॅजिक किंगडम, दोन अर्ध्या दिवसांत

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा २ डिसेंबरला तीन वर्षांचा होईल. सांगलीहून आई-बाबा आले आहेत, बाबांचा गुडघा दुखतो. मुलांना ऑरलँडोला डिस्ने दाखवायचं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शाळेला सुट्टी आहे तेव्हा जावं की ख्रिसमसच्या सुट्टीत? चार दिवसांत चारही पार्क होतील का? मुलगा अजून दुपारी झोपतो.

उत्तर:

ख्रिसमसची सुट्टी आधी यादीतून काढा. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा असतो आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्यात शिरणं म्हणजे दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहाला बाबागाडी ढकलणं. शिवाय डिस्नेत तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. २ डिसेंबरनंतर तुमच्या चिरंजीवांचं तिकीट काढावं लागेल, तेही वर्षातल्या सगळ्यात महाग तारखांचं, कारण तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो.

आता नोव्हेंबरच्या सुरुवातीची सुट्टी. ती तुमच्याकडच्या शिक्षकांच्या अधिवेशनामुळे मिळते, आणि ती फक्त तुम्हालाच नाही, जवळपास अख्ख्या राज्याला मिळते. मी चौदा वर्षं ऑरलँडोत राहते आहे आणि नातेवाईक, मित्र, मित्रांचे नातेवाईक यांच्या सहली आखून देणं हा आता माझा अर्धवेळ धंदाच झालाय. इथे त्या आठवड्याला सगळे ‘जर्सी वीक’ म्हणतात. त्या आठवड्यात डंबोच्या रांगेत उभं राहिलं की पुढे-मागे मराठी, गुजराती, तेलुगू ऐकू येतं आणि बहुतेक जण एडिसन, इझेलिन नाहीतर पार्सिपनीचे निघतात. नेवार्कहून विमानाची तिकिटंही तेव्हा चढलेली असतात.

म्हणून माझं सांगणं असं की त्याच्या पुढच्या आठवड्यात या. जर्सी वीक सरलेला असतो, थँक्सगिव्हिंग अजून लांब असतं, उन्हाळ्यातला रोजचा दुपारचा पाऊस थांबलेला असतो आणि हवा सुसह्य असते. शनिवारी निघा, गुरुवारी परत. मुलीचे शाळेचे चार दिवस बुडतील. ती किंडरगार्टनमध्ये असेल असं धरते. आधी वर्गशिक्षिकेशी बोलून घ्या.

चारही पार्क होतील का? पायांनी होतील, मुलांनी होणार नाहीत. तुमच्या मुलांच्या वयाला खरा पार्क एकच, मॅजिक किंगडम. तिथे उंचीची अट नसलेल्या राइड्स सगळ्यात जास्त आहेत. दुसरा अ‍ॅनिमल किंगडम, तोही सकाळपुरता, सफारीसाठी. एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओज मुलगी आठ-नऊ वर्षांची झाल्यावर बघा. आत्ता पैसे वाया जातील असं नाही, पण मुलगा तिथे बाबागाडीतच बसून राहील. तेव्हा तिकिटं तीन दिवसांची काढा आणि त्यातले दोन दिवस मॅजिक किंगडमला द्या. दोन्ही दिवस अर्धे. एक सकाळ आणि एक संध्याकाळ. अख्खी योजना या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नीट उलगडून सांगते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मॅजिक किंगडममध्ये ‘मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ सुरू होते. आठवड्यातल्या काही ठरावीक रात्रीच ती असते आणि तिचं तिकीट वेगळं. ज्या दिवशी पार्टी, त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात आणि पार्टीच्या तिकिटवाल्यांना चारपासून आत सोडतात. साध्या तिकिटावर रात्रीची आतषबाजी दिसत नाही, म्हणून बहुतेक लोक पार्टीचा दिवस टाळतात. परिणामी त्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी तीन पार्क इतर दिवसांपेक्षा बराच मोकळा असतो. सजावट तीच, मिकी तोच, रांगा आखूड. आणि जे लोक पार्टीचा दिवस टाळतात ते सगळे पार्टी नसलेल्या दिवशी येऊन आदळतात. लोक मला विचारतात, मंगळवार बरा की गुरुवार? वाराने फारसं काही ठरत नाही. पार्टीच्या तारखा डिस्नेच्या संकेतस्थळावर काही महिने आधीच लागतात. आधी त्या बघायच्या, मग विमानाचं तिकीट काढायचं.

ज्याला दुपारी झोप लागते त्या मुलाला सहाला बाहेर काढण्याचं दुःख नाही. तो साडेबारालाच बाहेर पडणार आहे. म्हणून पार्टीच्या दिवशीची सकाळ तुमच्या राइड्सची, आणि पार्टी नसलेल्या एका दिवशीची संध्याकाळ दिव्यांची आणि आतषबाजीची. त्या संध्याकाळी राइड्सच्या मागे धावायचंच नाही.

समजा तुमच्या आठवड्यात मंगळवारी पार्टी आहे आणि बुधवारी नाही. मग असं मांडा. शनिवारी संध्याकाळी पोचा. रविवारी पार्क नाही, हॉटेलचा तरणतलाव आणि बाबांची विश्रांती. शनिवार-रविवारी इथलेच लोक, वर्षाचे पासवाले, पार्कात येतात, त्यामुळे तसंही काही गमावत नाही. सोमवारी सकाळी अ‍ॅनिमल किंगडम. उघडल्या उघडल्या किलिमांजारो सफारीला जा. ऊन चढलं की प्राणी सावलीत जातात आणि मग ट्रकमधून झाडंच दिसतात. दुपारी जेवून परत. मंगळवारी मॅजिक किंगडमची सकाळ. बुधवारी दुपारी तीनपर्यंत काहीच नाही, चारला मॅजिक किंगडम. गुरुवारी परतीचं विमान.

बुधवारच्या त्या ‘काहीच नाही’वर तुमच्या घरी वाद होणार. माझ्या सासऱ्यांनी तोच प्रश्न विचारला होता, “एवढे डॉलर मोजून हॉटेलात झोपायला आलो का?” मी म्हटलं, बाबा, उद्या संध्याकाळी सांगा. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला नात त्यांच्या खांद्यावर बसून आतषबाजी बघत होती आणि शेजारच्या कुटुंबातला तिचा समवयस्क मुलगा बाबागाडीत आडवा, बूट पायातून निसटलेले, तोंड उघडं, गाढ झोपलेला. ते कुटुंब सकाळी आठपासून आत होतं. सासरे काही बोलले नाहीत, पण नंतर प्रश्नही विचारला नाही.

आता मंगळवारची सकाळ. पार्क नऊला उघडतो असं धरू. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी, म्हणजे साडेआठला, आत सोडतात. या अर्ध्या तासात जे होतं ते दुपारी अडीच तासांत होत नाही. दाराशी पावणेआठ ते आठच्या दरम्यान पोचा. बॅग तपासणी, तिकीट, मग मेन स्ट्रीट चालून किल्ल्यापर्यंत जायचं, यात वेळ जातो. त्या वेळेला फँटसीलँड आणि टुमॉरोलँड हेच भाग उघडे असतात. तुम्हाला फँटसीलँडच हवंय.

पहिली राइड कुठली? सगळे सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनकडे पळतात. तुम्ही घोळक्याच्या पुढच्या भागात असाल तर तुम्हीही जा, मागे असाल तर सरळ पीटर पॅन्स फ्लाइटला वळा. पीटर पॅनला उंचीची अट नाही, मुलगाही बसेल, आणि ही राइड जुनी, १९७१ मध्ये पार्क उघडला तेव्हापासूनची. तिच्या एका गलबतात दोन-तीन माणसंच मावतात, म्हणून रांग लांब दिसत नसली तरी सरकत नाही. याउलट ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या होड्या मोठ्या आणि एकामागून एक सुटणाऱ्या, तिथली रांग दिसते मोठी पण भराभर पुढे जाते. रांगेच्या लांबीला भुलू नका, तासाला किती माणसं आत जातात ते बघा. म्हणून हळू सरकणाऱ्या राइड्स सकाळी आणि भराभर सरकणाऱ्या अकरानंतर, हा क्रम.

माइन ट्रेनला ३८ इंचांची, म्हणजे सुमारे ९७ सेंटिमीटरची अट आहे. मुलगी पाचची आहे, बहुधा बसेल, पण घरी भिंतीशी उभी करून मोजा आणि तिच्यासमोर मोजा. दाराशी काठीखाली उभं करून ‘नाही’ म्हटलं की पाच वर्षांच्या पोरीचा जो अपमान होतो त्याला आइस्क्रीमचा उतारा पडत नाही. मुलगा बसू शकणार नाही, तिथे ‘रायडर स्विच’ मागा. तुम्ही मुलीला घेऊन रांगेतून जा, बायको मुलाबरोबर बाहेर थांबेल. तुम्ही उतरलात की ती मुख्य रांग न लावता लायटनिंग लेनच्या, म्हणजे जादा पैसे भरणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या, वाटेने जाईल आणि मुलगी तिच्याबरोबर पुन्हा बसू शकेल. याला पैसे पडत नाहीत, पण रांगेत शिरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगावं लागतं. आत शिरल्यावर सांगून उपयोग नाही.

सव्वानऊपर्यंत या दोन झाल्या की पूह आणि मग डंबो. डंबोची रांग वातानुकूलित तंबूतून जाते आणि आत मुलांना खेळायची जागा आहे. आई-बाबांना तिथे टेकता येतं. शेजारी पाण्याचे फवारे उडवणारी जागा आहे, तिथे मुलगा भिजणारच, तेव्हा एक कपड्यांचा जोड पिशवीत वरच ठेवा. दहाला खाऊ. बाहेरचं खाणं नेता येतं, काचेचं भांडं आणि सुटा बर्फ चालत नाही. मेथीचे पराठे, दशम्या, लाडू, चिवडा, जे गरम करावं लागत नाही ते सगळं न्या. थंड पाणी विकत घेऊ नका, झटपट खाण्याच्या काउंटरवर पेलाभर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. जेवण अकराला, साडेअकराच्या आत. बाराला सगळ्या टेबलांवर माणसं असतात. जेवून मिकीज फिलहारमॅजिक. बारा मिनिटांचा खेळ, अंधार, गारवा, बसायला खुर्ची. तिथे मुलगा पेंगायला लागला तर समजा घड्याळ बरोबर चाललंय. साडेबाराला बाहेर.

बाहेर पडायची वेळ घड्याळ पाहून ठरवा, मुलाचा चेहरा पाहून नव्हे. चेहऱ्यावर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. माझी मुलगी आधी कान चोळायची, मग आवडीची केळीही नको म्हणायची, मग ‘उचल’ आणि मग मेन स्ट्रीटच्या मधोमध लोटांगण. कानापासून लोटांगणापर्यंत साधारण चाळीस मिनिटं. आणि किल्ल्यापासून हॉटेलच्या पलंगापर्यंतही चाळीस मिनिटं लागतातच. म्हणून कान चोळायच्या आधीच निघायचं.

इथेच हॉटेलचा प्रश्न येतो. मॅजिक किंगडमचा वाहनतळ पार्कच्या दाराशी नाही. गाडी ट्रान्सपोर्टेशन अँड टिकट सेंटरला लावायची, तिथून तळ्यापलीकडे फेरीबोटीने किंवा मोनोरेलने जायचं. येताना-जाताना हा वळसा धरला की बाहेरच्या हॉटेलातून दुपारच्या झोपेसाठी ये-जा करण्यात दोन तास सहज जातात. डिस्नेच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट पार्कच्या दाराशी सोडतात. पहिल्या वर्षी मी पैसे वाचवायला बाहेरचं एक हॉटेल घेतलं होतं, ‘मोफत शटल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. ती शटल सकाळी जायची आणि रात्री यायची, दुपारी नाहीच. साडेबाराला झोपेने लाल झालेली मुलगी कडेवर, आणि फोनवर ऐकू येतंय की पुढची गाडी रात्री साडेनऊला. टॅक्सीचे पैसे गेले ते गेलेच, झोपही गेली. तेव्हा हॉटेल घेताना एकच प्रश्न विचारा: दुपारी एकला परत कसं यायचं? तुमच्या खर्चात डिस्नेचं पॉप सेंच्युरी किंवा ऑल-स्टार हॉटेल बसत असेल तर तेच घ्या. मोनोरेलवरची हॉटेलं उत्तम, पण त्या किमतीत सांगलीला एक फेरी होईल.

एखाद्या दिवशी परत जाणं जमलंच नाही तर आतच झोपवायची सोय करा. बेबी केअर सेंटर मेन स्ट्रीटच्या किल्ल्याकडच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटच्या शेजारी आहे. उंच खुर्च्या, कपडे बदलायची टेबलं, बाळाचं जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह. शांत असतं आणि कुणी घाई करत नाही. दुसरी युक्ती टुमॉरोलँडच्या पीपलमूव्हरची. सावलीतून, हलकं हलत, साधारण दहा मिनिटांची फेरी. मुलगा मांडीवर झोपतो. उतरवून बाबागाडीत ठेवताना जागा होऊ नये म्हणून गाडीची पाठ आधीच आडवी करून ठेवा. पार्कात भाड्याने मिळणाऱ्या गाड्या कडक प्लास्टिकच्या असतात, त्यात नीट झोपता येत नाही, म्हणून घरचीच आणा. रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंचांच्या आत हवी. राइडबाहेर लावलेल्या गाड्या कर्मचारी हलवतात, परत आल्यावर पन्नास काळ्या गाड्यांत आपली सापडत नाही. आमच्या गाडीच्या दांड्याला सासूबाईंच्या जुन्या इरकली साडीचा काठ बांधलेला असतो. लांबून दिसतो.

जुने लेख वाचून टॉम सॉयर आयलंडवर मुलांना मोकळं सोडायचं ठरवत असाल तर ते बेट आणि नदीतली बोट २०२५ च्या जुलैत कायमची बंद झाली. विश्रांतीच्या याद्यांत ती अजून सापडतात.

लायटनिंग लेनचे पैसे भरावेत का? पार्टीच्या दिवशीच्या सकाळी, ती अर्ध्या तासाची अर्ली एंट्री असताना, मी भरत नाही. तुम्ही साडेबाराला निघणार, आणि त्याचा खरा फायदा अकरा ते पाच या वेळेत असतो. बुधवारच्या संध्याकाळीही नको, कारण तेव्हा राइड्स करायच्याच नाहीत. फक्त जर्सी वीकमध्येच येणं भाग पडलं तर घ्या. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी, बाहेरच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला अ‍ॅपवर खुलं होतं आणि एका पार्कच्या तीन राइड्स आधी धरून ठेवता येतात. घेतलंत तरी आई-बाबांसाठी नको.

निघायच्या आधीच्या आठवड्यात एक गोष्ट करा. माय डिस्ने एक्स्पिरियन्स हे अ‍ॅप घरी बसून उघडा आणि रोज सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला पीटर पॅनची वाट बघण्याची वेळ टिपा, पार्टीच्या आणि बिनपार्टीच्या दिवसांची वेगळी. फरक तुमच्याच डोळ्यांनी दिसेल, आणि घरातल्या वादातही ते आकडे कामी येतात.

बाबांच्या गुडघ्याचं मनावर घ्या. तिथे दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं न कळत होतं. दाराशी चाकांची खुर्ची भाड्याने मिळते, ती पहिल्या दिवशीच घ्या. आपल्याकडची वडीलधारी माणसं “मला काय झालंय” म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलात बसतात. खुर्ची रिकामी ढकलली तरी पिशव्या ठेवायला होते, असं सांगून न्या. दुपारपर्यंत ते आपणहून बसतात.

बुधवारची संध्याकाळ. ती बिनपार्टीची म्हणून गर्दी भरपूर असेल, हे धरूनच जा. चारला आत, कॅरोसेल, पीपलमूव्हर, सहाला जेवण, दिवे लागलेला किल्ला. डंबोच्या बाजूचा भाग आतषबाजीच्या वेळी बंद असतो, तेव्हा मुलाला ‘पुन्हा डंबो’ असं वचन देऊन बसू नका. आतषबाजीला किल्ल्यासमोर उभं राहायला लोक तासभर आधी जागा धरतात. तुम्ही तिकडे जाऊ नका. आवाज छातीत बसतो, आणि अडीच-तीन वर्षांची बरीच मुलं घाबरतात. मेन स्ट्रीटच्या दाराकडच्या टोकाला रेल्वे स्टेशन आहे, तिथल्या बाजूला थांबा. किल्ला लांब पण समोर, आवाज सोसण्याइतका, आणि दार पाठीशी. मुलगा रडला तर दोन मिनिटांत बाहेर पडता येतं. कानांवरचे हेडफोन असतील तर आणा.

आतषबाजी संपली की एकाच वेळी हजारो माणसं त्या एका रस्त्याने दाराकडे निघतात. तेव्हा एकतर शेवटच्या आकाशभर फटाक्यांच्या आधी दोन मिनिटं निघा, नाहीतर अर्धा-पाऊण तास तिथेच बाकावर बसून राहा, आईंना चहा-कॉफी काय मिळेल ते द्या आणि गर्दी ओसरू द्या. मधल्या वेळात बाबागाडी घेऊन निघालात तर पुढच्याच्या टाचेत चाक आणि मागच्याचं चाक तुमच्या टाचेत. दोन्ही मुलांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर बॉलपेनने लिहून ठेवा. वर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर तरणतलावातही टिकतो.